तारीख मार्चची की मेची? कागदाचा देश त्याच्या तारखा आणि आकड्यांवरून ओळखताना

परदेशी पुरवठादारांची बिलं आणि याद्या जुळवण्याचं काम माझ्याकडे असतं. त्यात एकच बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो. फाइल कुठून आली हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि तारखा व रकमा कशा वाचायच्या हे देश कळल्याशिवाय ठरत नाही. मग त्या लिखाणावरूनच देश ओळखावा लागतो. ज्या क्रमाने मी तपासत जाते, तोच क्रम इथे दिला आहे. आधी फुकटचे आणि मिनिटभराचे उपाय, मग वेळखाऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. तारखेचा क्रम आणि दशांश चिन्ह यांवरून देशांचा गट कळतो, एक देश क्वचितच कळतो. शिवाय ही चिन्हं ज्या संगणकावर कागद तयार झाला त्याच्या सेटिंगबद्दल सांगतात. माणूस एका देशातला, सॉफ्टवेअर दुसऱ्या देशाच्या सेटिंगवर, असं सर्रास असतं. म्हणून "हा देश आहे" असं म्हणण्याआधी "हा देश नाही" असं म्हणता येणारे पुरावे गोळा करायचे.

लक्षणं

पुढीलपैकी काही दिसलं, तर कागद चुकीच्या देशाच्या पद्धतीने वाचला जातोय असं समजा.

- अहवाल एकाच महिन्याचा आहे, पण तारखा वर्षभर पसरलेल्या दिसतात आणि प्रत्येक तारखेतला दिवस मात्र तोच. मार्चचा अहवाल असेल तर ३ मे, ३ जुलै, ३ नोव्हेंबर अशा.
- एक्सेलच्या एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटल्यात, काही डावीकडे. डावीकडच्या तारखा एक्सेलला तारीख म्हणून कळलेल्याच नाहीत, त्या नुसता मजकूर आहेत.
- बेरीज कमी येते. मजकूर म्हणून बसलेल्या रकमा `SUM` मोजतच नाही आणि तक्रारही करत नाही.
- एखादी रक्कम हजारपटीने लहान किंवा मोठी दिसते.
- सीएसव्ही उघडली की सगळा मजकूर एकाच रकान्यात येतो, मध्ये अर्धविराम दिसतात.

हे शेवटचं लक्षण लोक कटकट म्हणून सोडून देतात, पण तो चांगला पुरावा आहे. जिथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात तिथे रकाने वेगळे करायला स्वल्पविराम मोकळा उरत नाही. म्हणून त्या देशांच्या सेटिंगवर एक्सेल सीएसव्हीत अर्धविराम घालतो. अर्धविराम दिसला की दशांश-स्वल्पविरामवाल्या देशांकडे आधी बघायचं.

पहिली तपासणी: मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडा

फाइलवर दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल उघडतानाच तुमच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे तारखा बदलतो, आणि तशीच फाइल सेव्ह केली की मूळ लिखाण गेलं. आधी एक प्रत बाजूला ठेवा, मग नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडा. स्कॅन किंवा पीडीएफ असेल तर छापलेलं पानच बघा, त्यातून उतरवून घेतलेला तक्ता नको.

फाइल आधीच कोणी उघडून सेव्ह केली आहे का, हेही इथेच कळतं. एकाच रकान्यात `5/3/2024` आणि `13-03-2024` अशी दोन रूपं दिसली, तर अमेरिकी सेटिंगच्या एक्सेलने त्यावर हात फिरवला आहे. बाराच्या आतले दिवस त्याने महिना समजून उलटे केले, आणि तेरावा महिना नसल्यामुळे पुढच्या तारखा त्याने जशाच्या तशा सोडल्या. अशा फाइलवर पुढची एकही तपासणी करू नका. पाठवणाऱ्याकडून आलेली मूळ प्रत आधी शोधा.

यापुढे सगळ्या तपासण्यांसाठी एकच नमुना घेते. शीर्षकं नाहीत, चलनाचं चिन्ह नाही, फक्त एवढं:

```
05-03-2024;3;1.250,00;3.750,00
07-03-2024;12;84,50;1.014,00
11-03-2024;1.200;0,375;450,00
12-03-2024;2;1.125;2.250,00
```

रकाने तारीख, नग, दर आणि रक्कम असे असावेत, असा अंदाज करता येतो. तो खरा आहे का, ते पुढे कळेलच.

दुसरी तपासणी: बारापेक्षा मोठा आकडा शोधा

तारखेच्या पहिल्या दोन जागांपैकी एकीत १३ किंवा त्याहून मोठा आकडा सापडला, तर ती जागा दिवसाची. संपला प्रश्न. वर्षातल्या १४४ तारखा अशा असतात की दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असतात. त्यातल्या १२ तारखा (१ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा) उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. म्हणजे खरा गोंधळ १३२ तारखांचा. वर्षभर विखुरलेल्या दहा-पंधरा तारखा हातात असतील, तर बारापेक्षा मोठा आकडा जवळजवळ नक्की सापडतो.

पण आपल्या नमुन्यात सगळ्या तारखा नेमक्या बाराच्या आतल्या आहेत. महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या फाइलींचं असंच होतं. तिथे क्रम ठरत नाही, पण मधलं चिन्ह थोडं बोलतं. टिंब असेल तर जर्मनी, स्वित्झर्लंड, नॉर्वे, फिनलंड, पोलंड, रशिया अशा देशांकडे बोट जातं, आणि तिथे दिवस आधी येतो. तिरपी रेघ काहीच सांगत नाही, कारण ब्रिटन, फ्रान्स, ब्राझील आणि अमेरिका सगळेच ती वापरतात. त्यांतल्या अमेरिकेत महिना आधी येतो, बाकीच्यांत दिवस. आडवी रेघ आणि शेवटी वर्ष हे त्या मानाने कमी ठिकाणी आढळतं. नेदरलँड्समध्ये ही नेहमीची पद्धत आहे, डेन्मार्क आणि चिलीतही ती दिसते.

वर्ष आधी आलं तर पुढे महिना आणि मग दिवस, असंच जवळजवळ नेहमी असतं. पण `2024-03-05` दिसलं म्हणून लगेच स्वीडन म्हणू नका. स्वीडनमध्ये ही रोजची पद्धत आहे हे खरं, पण आयएसओ ८६०१ या मानकातही हेच रूप आहे आणि जगभरचे प्रोग्रॅमर तेच वापरतात. अशा तारखेने वाचनाचा प्रश्न सुटतो, देशाबद्दल मात्र काही कळत नाही. हंगेरीची `2024. 03. 05.` ही शेवटीही टिंब असलेली तारीख मात्र पटकन ओळखू येते.

तिसरी तपासणी: दोन्ही चिन्हं असलेली रक्कम

एकाच रकमेत टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही असतील, तर उजवीकडचं शेवटचं चिन्ह दशांशाचं. एकच चिन्ह रकमेत दोनदा आलं, तर ते दशांशाचं असूच शकत नाही. या दोन नियमांवर बहुतेक फाइली सुटतात. आपल्या नमुन्यात `3.750,00` आहे. म्हणजे टिंब हजारांचं, स्वल्पविराम दशांशाचा. अमेरिका, ब्रिटन, चीन, जपान, मेक्सिको हे सगळे इथेच बाद झाले. मेक्सिको मुद्दाम लिहिलं, कारण स्पॅनिश भाषा दिसली की लोक स्वल्पविराम गृहीत धरतात. स्पेन आणि अर्जेंटिनात दशांशाला स्वल्पविराम चालतो, मेक्सिकोत टिंब.

गटांची मांडणीही बघा. `12,34,567.00` अशी हजारांपुढे दोन-दोन अंकांची फोड भारत आणि शेजारच्या देशांतच दिसते. इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. `1'234.50` मधला वरचा टिचका स्वित्झर्लंड किंवा लिख्टेनश्टाइनकडे नेतो. मोकळी जागा असेल, `1 234,50` अशी, तर फ्रान्स, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि कॅनडाचा फ्रेंच भाग यांचा विचार करा.

ती मोकळी जागाही नेहमी साधी नसते. ओळीच्या शेवटी रक्कम तुटू नये म्हणून तिथे वेगळं अक्षर घातलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. रक्कम `B2` मध्ये मजकूर म्हणून बसली असेल, तर दुसऱ्या जागेवर काय आहे ते असं विचारा:

```
=UNICODE(MID(B2,2,1))
```

उत्तर ३२ आलं तर साधी जागा, १६० आलं तर न तुटणारी जागा, ८२३९ आलं तर अरुंद न तुटणारी जागा. ही तिसरी फ्रेंच सेटिंगच्या नव्या सॉफ्टवेअरमधून येते. "सगळ्या मोकळ्या जागा काढल्या तरी आकडा होत नाही" ही तक्रार नेमकी हिच्यामुळे येते.

जागा हजारांसाठी वापरलेली दिसली आणि कागद शास्त्रीय किंवा तांत्रिक असेल, तर देशाचा अंदाज बांधू नका. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली दशांशासाठी टिंब किंवा स्वल्पविराम दोन्ही मान्य केले, आणि अंकांचे गट पाडायचे तर फक्त मोकळ्या जागेने पाडावेत हे पुन्हा सांगितलं. तो नियम पाळणारा कागद कुठूनही आलेला असू शकतो.

चौथी तपासणी: कागदाचाच गुणाकार करून बघा

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे एकच चिन्ह आणि त्यापुढे बरोबर तीन अंक. नमुन्याच्या शेवटच्या ओळीत दर `1.125` आहे. हा अकराशे पंचवीस की एकापेक्षा थोडा जास्त? तिसऱ्या ओळीत नग `1.200` आहेत आणि दर `0,375`. वाचून हे ठरत नाही. ठरतं ते गुणाकाराने.

शेवटची ओळ घ्या. नग २, रक्कम २,२५०. दर १,१२५ धरला तर गुणाकार जुळतो. टिंब दशांशाचं धरलं तर रक्कम सव्वादोन यायला हवी होती, आणि शेजारी तर `2.250,00` आहे. तिसरी ओळ: १,२०० नग, प्रत्येकी एकाचे तीन अष्टमांश, म्हणजे ४५०. जुळलं. दुसरी ओळ: साडेचौऱ्याऐंशीचे बारा नग, म्हणजे १,०१४. तेही जुळलं. रकाने नग, दर आणि रक्कम आहेत हा आपला अंदाजही इथेच पक्का झाला.

या तपासणीवर माझा सगळ्यात जास्त भर असतो. आधीच्या तपासण्या सवयींवर आधारलेल्या होत्या आणि सवयीला अपवाद असतात. गुणाकार मात्र कागद कुठलाही असो, एकाच वाचनात जुळतो. एकच ओळ जुळली म्हणून थांबू नका. किमान तीन ओळी घ्या, आणि त्यात तीन अंकांची फसवी रक्कम असलेली एक तरी ओळ असू द्या.

पाचवी तपासणी: तारखांचा क्रम आणि वार

तारखा अजून ठरलेल्या नाहीत. ओळी क्रमाने लिहिल्या असतील, तर जी जागा भरभर बदलते ती दिवसाची आणि जी स्थिर राहते ती महिन्याची. नमुन्यात पहिली जागा ५, ७, ११, १२ अशी वाढते आणि दुसरी जागा तीनावरच आहे. म्हणजे दिवस आधी.

पण दर महिन्याच्या तीन तारखेला हप्ता भरायचा असा करार असेल, तर उलटं वाचनही खरं ठरू शकतं. म्हणून वार बघायचे. दिवस आधी धरला तर २०२४ मधले ५, ७, ११ आणि १२ मार्च येतात: मंगळवार, गुरुवार, सोमवार, मंगळवार. महिना आधी धरला तर ३ मे शुक्रवार, ३ जुलै बुधवार, ३ नोव्हेंबर रविवार आणि ३ डिसेंबर मंगळवार. एक तारीख रविवारी पडली, शिवाय महिनेही मे, जुलै, नोव्हेंबर असे तुटक आले. हप्ता असता तर ते सलग आले असते. दोन्ही गोष्टी मिळून पहिल्या वाचनाकडे झुकतात.

एक्सेलमध्ये वार असा मिळतो:

```
=TEXT(DATE(2024,11,3),"dddd")
```

वाराच्या पुराव्याची मर्यादा लक्षात ठेवा. पश्चिम आशियातल्या अनेक देशांत रविवार कामाचा दिवस असतो. आणि यंत्राने आपोआप काढलेल्या बिलांना वाराचं काहीच देणंघेणं नसतं.

सहावी तपासणी: उरलेल्या देशांतून निवड

आता हातात काय आहे? दिवस आधी, मध्ये आडवी रेघ, टिंब हजारांचं, स्वल्पविराम दशांशाचा, रकाने अर्धविरामाने तोडलेले. जर्मनी पूर्णपणे बाद होत नाही, पण तिथे तारखेत टिंब अपेक्षित होतं. ब्राझील, इटली, स्पेन इथे तिरपी रेघ अपेक्षित होती. समोर ठळकपणे उरतात ते नेदरलँड्स, डेन्मार्क आणि चिली. चिलीच्या पेसोत व्यवहारात दशांश नसतात, त्यामुळे `84,50` हा दर पेसोतला वाटत नाही. बिल डॉलरमध्ये काढलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून चिलीला मागे ठेवायचं, काढून टाकायचं नाही.

चिन्हं इथपर्यंतच नेतात. पुढचा निर्णय कागदावरच्या इतर गोष्टींनी होतो, आणि मला सगळ्यात उपयोगी पडतो तो कराचा दर. रकमांची बेरीज ७,४६४ होते. फाइलच्या तळाशी `1.567,44` अशी आणखी एक रक्कम असेल, तर ती बेरजेच्या बरोबर २१ टक्के आहे. नेदरलँड्सचा मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २१ टक्के आहे. डेन्मार्कचा २५ टक्के, म्हणजे तिथे १,८६६ आले असते. चिलीचा १९ टक्के, म्हणजे १,४१८.१६. आता नेदरलँड्सचं पारडं जड झालं. २१ टक्के बेल्जियम आणि स्पेनमध्येही आहे, पण तारखेतल्या आडव्या रेघेमुळे ते दोन्ही मागे पडतात. शेवटचा शिक्का कर क्रमांकाचा. `NL`, मग नऊ अंक, मग `B` आणि दोन अंक, असा क्रमांक कागदावर कुठे सापडला तर बिल काढणारा तिथे नोंदलेला आहे.

कॅनडाबाबत या टप्प्यावर फार सावध असावं. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच लिखाणात दशांश चिन्ह वेगळं, आणि तारखा तिन्ही क्रमांत आढळतात. कागद कॅनडाचा आहे हे पत्त्यावरून कळलं तरी तारीख कशी वाचायची ते ठरत नाही. पाचवी तपासणी करावीच लागते.

देश ठरला की फाइल एक्सेलमध्ये `Data` मधल्या `From Text/CSV` ने आणा. `Data Type Detection` मध्ये `Do not detect data types` निवडा आणि `Transform Data` वर जा. मग रकान्याच्या शीर्षकावर उजवं क्लिक करून `Change Type` खालच्या `Using Locale...` मध्ये तो देश द्या. तारखांचा रकाना आणि रकमांचे रकाने, दोन्हींना. आणल्यावर चौथ्या तपासणीतला गुणाकार पुन्हा एकदा करा. सेटिंग एका रकान्याला लागली आणि दुसऱ्याला राहून गेली, असं वारंवार होतं.

कुठे थांबायचं

सहा तपासण्यांनंतरही दोन वाचनं शिल्लक राहिली आणि त्यावर पैसे देणं, मुदत किंवा औषधाची मात्रा अवलंबून असेल, तर अंदाज करू नका. तिथेच थांबा. आधी कागद काढणाऱ्याला विचारा. पण "तारखेचा फॉरमॅट काय?" असं विचारू नका, कारण उत्तर बहुतेक वेळा "नेहमीचाच" असं येतं. त्याच कागदावरच्या एका तारखेचा महिना अक्षरांत आणि एक रक्कम शब्दांत लिहून मागा. दोन ओळींच्या उत्तरात सगळी फाइल सुटते.

करार, वारसा किंवा न्यायालयातली मुदत असेल, तर तारीख वकिलाकडून ठरवून घ्या, तुमचं वाचन कितीही पटण्यासारखं असलं तरी. हिशेबपुस्तकांत चुकीच्या रकमा आधीच चढल्या असतील, तर दुरुस्तीच्या नोंदी लेखापालाने करायच्या. औषधाच्या कागदावर `1.125` सारखा आकडा असेल, तर डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञाशिवाय कोणीही तो वाचू नये.

वर्षच अनोळखी निघालं तरी थांबा. थायलंडच्या कागदावर २५६७ म्हणजे इसवी सन २०२४, तैवानच्या कागदावर ११३ म्हणजेही २०२४, आणि ही वजाबाकी सोपी आहे. पण इराण, इथिओपिया किंवा नेपाळच्या पंचांगात वर्षाबरोबर महिने आणि दिवसही वेगळे पडतात. नुसतं वर्ष वजा करून तिथे तारीख मिळत नाही. ती भाषा आणि ते पंचांग जाणणाऱ्या अनुवादकाकडून ती तारीख लेखी घ्या, आणि मूळ तारीख जशी छापली आहे तशीच शेजारच्या रकान्यात ठेवा.